संगोपनाची जकात

नव्या उद्योगाला काही काळ जकातीचे संरक्षण द्यावे, या मताला आपल्या पुस्तकांत शिशुउद्योगाचा युक्तिवाद म्हणतात. जर्मन भाषेत मात्र अशा जकातीला जे नाव आहे, त्यात शिशू येतच नाही. 'एर्त्सीउंग्सत्सोल' या शब्दातला 'त्सोल' म्हणजे जकात आणि 'एर्त्सीउंग' म्हणजे मुलाला वाढवणे, शिकवणे, वळण लावणे. मराठीत याला नेमका शब्द आहे, संगोपन. ही जोडी जुळली तेव्हापासून मला सगळा वाद वेगळाच दिसू लागला. 'शिशू' म्हटले की दुबळेपणाची कणव येते. 'संगोपन' म्हटले की खर्च किती आणि किती वर्षे, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

नव्या कारखान्याचा माल महाग पडतो, कारण कामगार अजून शिकत असतात, यंत्रे पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ मिळत नाही. परदेशी कारखान्याने ही शिकवणी केव्हाच संपवलेली असते. खुल्या बाजारात नवा कारखाना शिकण्याआधीच बुडतो. आयातीवर जकात बसवली की परदेशी माल महागतो आणि शिकायला अवधी मिळतो. त्या काळात गिऱ्हाईक जे जास्तीचे पैसे मोजते, ती शिकवणीची फी.

ही कल्पना कुणाची? अलेक्झांडर हॅमिल्टनने 1791 मध्ये अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या अहवालात ती आहे. तिला शास्त्राचा आकार दिला तो जर्मनीतल्या फ्रीडरिश लिस्टने. लिस्ट 1825 मध्ये अमेरिकेत गेला, पेन्सिल्व्हेनियातल्या रीडिंग गावी जर्मन वृत्तपत्र चालवू लागला आणि 1827 मध्ये संरक्षणाच्या बाजूने पत्रे लिहिली. त्यामुळे त्याने हॅमिल्टनचाच धडा गिरवला, असे पुष्कळजण मानतात. मला ते पटत नाही. जर्मन व्यापाऱ्यांच्या संघटनेसाठी अंतर्गत नाकी उठवा, सरहद्दीवर एकच जकात लावा, अशी मागणी तो 1819 पासूनच करत होता. अमेरिकेत त्याला कल्पना मिळाली नाही, तिचा चालता नमुना मिळाला. त्याचा मोठा ग्रंथ 1841 चा, आणि त्यात राष्ट्राची औद्योगिक शिकवण हा विचार मध्यभागी आहे.

तिथून हा धागा थेट पुण्यात येतो. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले आणि त्यात लिस्टचा आधार घेतला. लिस्टच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये 1885 मध्ये निघाले होते. रानड्यांच्या हाती तेच आले असावे, असा माझा अंदाज. पण त्यांच्यापुढे लिस्टला नसलेली अडचण होती: जकातीची किल्ली लंडनमध्ये होती. म्हणून त्यांनी संगोपनाची दुसरी वाट सुचवली. सरकारने नव्या उद्योगांना भांडवल आणि हमी द्यावी. हॅमिल्टनही जकातीपेक्षा थेट अनुदान बरे मानत होता, कारण त्यात खर्च उघड दिसतो आणि भाव चढत नाही.

जकातीची किल्ली अंशतः हाती आल्यावर 1921 मध्ये फिस्कल कमिशन बसले. अध्यक्ष मुंबईचे सर इब्राहिम रहीमतुल्ला. 'बाळाला जोजवा, मुलाला जपा, मोठ्याला मोकळे सोडा' हे सूत्र या कमिशनशी जोडले जाते. हा केंब्रिजच्या अर्थशास्त्राचा ठसा, असे कुणी म्हणेल, आणि त्याला आधारही आहे: उपाध्यक्ष म्हणून केन्सचे नाव ठरले होते, पण तो आला नाही. तरी मला त्यात पुण्याचा आवाज ऐकू येतो, कारण कमिशनने घातलेल्या तीन अटी संगोपनाच्या आहेत. उद्योगाला कच्चा माल, मजूर, बाजारपेठ यांची नैसर्गिक अनुकूलता हवी. संरक्षणाविना तो वाढणारच नाही किंवा फार सावकाश वाढेल, अशी स्थिती हवी. आणि शेवटी तो संरक्षणाविना उभा राहील, अशी खात्री हवी.

पहिली मोठी कसोटी होती टाटांच्या पोलादाची. जमशेदपूरजवळ लोहखनिज होते, कोळसाही फार दूर नव्हता. पण युरोपातले स्वस्त पोलाद येऊन धडकत होते. टॅरिफ बोर्डाने हिशोब साधा ठेवला: परदेशी पोलाद इथे कोणत्या भावाने उतरते, आणि इथल्या मालाला वाजवी नफ्यासह किती भाव हवा? दोन्हींतला फरक एवढीच जकात. 1924 चा कायदा तीन वर्षांसाठी होता. काही महिन्यांतच आयातीचे भाव इतके घसरले की जकात अपुरी पडली आणि अनुदान जोडावे लागले. बाळ वाढत नाही हे ओळखायची जागा याच हिशोबात आहे: दर फेरतपासणीत उत्पादनखर्च उतरला की नाही. खर्च उतरत नसेल आणि मागणी फक्त मुदतवाढीची असेल, तर फी वाया जाते आहे.

1927 मध्ये मुदत वाढली, पण ब्रिटिश पोलादाला सवलतीचा दर देऊन. 1934 मध्ये बऱ्याच मालावरची जकात उतरवता आली. 1947 मध्ये पोलादाचे संरक्षण काढून घेतले गेले, तेव्हा त्याला तेवीस वर्षे झाली होती.