‘डिस्कस अबाउट’ आलं कुठून? एका मेलमधल्या तीन शब्दांचा इतिहास

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना घेतलेले अडखळे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्याच चुकीने करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी परदेशातल्या एका क्लायंटला मी मेल पाठवला होता. मजकूर साधारण असा: ‘लेट अस डिस्कस अबाउट द रिलीज. द न्यू बिल्ड इज डिफरंट दॅन द ओल्ड वन. प्लीज रिप्लाय ऑन द टिकेट.’ मला म्हणायचं होतं की टिकेटबद्दलच्या या मेलला उत्तर द्या. समोरच्या माणसाने इमानदारीत टिकेट उघडलं आणि उत्तर तिथे लिहिलं. मी दोन दिवस मेलबॉक्सकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी त्यानेच फोन करून विचारलं, ‘मी लिहिलेलं वाचलंत ना?’

वरिष्ठांनी मेल मागवून घेतला, तीन शब्दांखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, ‘हे मराठीतलं इंग्रजी आहे.’ तेव्हा राग आला. नंतर खोदत गेलो तेव्हा कळलं, की ते निम्मे बरोबर होते.

आधी ‘डिस्कस’ घेऊ. मूळ लॅटिन शब्द ‘डिस्कुतेरे’, अर्थ हलवून, आपटून वेगळं करणं. पुढे त्याचा अर्थ ‘बारकाईने तपासणं’ असा झाला आणि मग ‘बोलून तपासणं’. एखादी वस्तू आपण थेट तपासतो, वस्तूबद्दल तपासत नाही. म्हणून इंग्रजीत ‘डिस्कस’नंतर विषय थेट येतो: ‘डिस्कस द रिलीज’. मध्ये कुणी लागत नाही.

आता मराठी बघा. आमच्या राहात्यात पेरूच्या हंगामात माणसं भावावर चर्चा करतात. भावाबद्दल करतात किंवा भावाची करतात. नुसतं ‘भाव चर्चा करतात’ कुणी म्हणत नाही. का? कारण मराठीत इथे एक क्रियापद नाहीच. ‘चर्चा’ हे नाम आहे आणि त्याला ‘करणे’ जोडलंय. कर्माची खुर्ची ‘चर्चा’ने आधीच अडवलेली असते, मग विषयाला उभं राहायला ‘वर’, ‘बद्दल’ किंवा ‘ची’चा आधार लागतो. इंग्रजीत ती खुर्ची रिकामी असते. आपण मात्र सवयीने तिथेही आधार घेऊन जातो.

ही किल्ली हातात आली की पुढच्या चुका आपोआप दिसायला लागतात. ‘विनंती करणे’, म्हणून आपण ‘रिक्वेस्ट फॉर’ लिहितो. ‘मागणी करणे’, म्हणून ‘डिमांड फॉर’. ‘भर देणे’, म्हणून ‘एम्फसाइज ऑन’. आणखी एक गोष्ट चकवते. हेच शब्द इंग्रजीत नाम म्हणून आले की आधार लागतोच: ‘अ डिस्कशन अबाउट’, ‘अ रिक्वेस्ट फॉर’, ‘एम्फसिस ऑन’. त्यामुळे कान फसतो. ‘डिस्कस अबाउट’ तर नायजेरियापासून सिंगापूरपर्यंत लोक म्हणतात. म्हणजे सगळा दोष मराठीचा नाही, ‘टॉक अबाउट’ आणि ‘डिस्कशन अबाउट’ यांचाही त्यात वाटा आहे. वरिष्ठ निम्मेच बरोबर होते, ते यामुळे.

पण ही सवय आपल्याला लागली कशी? मेकॉलेचं टिपण 1835 चं. लगेच पुढच्या वर्षी, 1836 मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापून आलं. मुंबई विद्यापीठ 1857 चं. सरकारी नोकरीसाठी इंग्रजी हवी, आणि ती शिकायची मराठीच्या आधाराने. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाला’ कित्येक घरांत आजोबांच्या कपाटात सापडतील. पद्धत अशी, की मराठी वाक्य घ्या आणि त्याचं इंग्रजी करा. पाठमालांना दोष नाही, उलट कुठला शब्द कुठे चालतो हे त्या नीट घोकून घेत. पण पाठमाला सुटली तरी ‘आधी मराठी वाक्य, मग इंग्रजी’ ही रीत डोक्यात राहिली. महाराष्ट्रात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून आली. मी त्यानंतरच्या पिढीतला. तरी मेल लिहिताना डोक्यात आधी ‘वर’च उगवतो.

गंमत म्हणजे हे ‘वर’, ‘बद्दल’, ‘पेक्षा’ स्वतःही प्रवास करूनच आलेत. ‘वर’ संस्कृत ‘उपरि’पासून. ‘बद्दल’ अरबी ‘बदल’पासून, म्हणजे ‘मोबदला’ त्याचा नातेवाईक. ‘पेक्षा’ संस्कृत ‘अपेक्षा’तून. एकेकाळचे अर्थपूर्ण शब्द झिजत झिजत नामाला चिकटले. इंग्रजीत हे काम करणारे शब्द नामाच्या आधी बसतात, आपल्याकडे मागे बसतात. पण प्रत्येक जोडीमागे एक जुनं चित्र असतं आणि दोन भाषांची चित्रं क्वचितच जुळतात.

आता ‘रिप्लाय ऑन’. मराठीत पत्राला उत्तर देतात, ‘ला’ म्हणजे ‘टू’. इथे आपली मराठी खरं तर बरोबर वाट दाखवते! घोळ ‘मेलवर रिप्लाय कर’ या ऑफिसच्या नव्या मराठीने केला. त्यातल्या ‘वर’चे दोन अर्थ होतात: मेलला उत्तर, किंवा मेल या माध्यमातून उत्तर. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘रिप्लाय टू’ आणि दुसऱ्यासाठी ‘ऑन’ चालतं, जसं ‘रिप्लाय ऑन व्हॉट्सॲप’. म्हणून माझ्या क्लायंटने ‘ऑन द टिकेट’चा शब्दशः अर्थ घेतला. त्याची चूक नव्हती, माझं वाक्यच तसं सांगत होतं. आणि ‘आन्सर’ वापरलं तर काहीच जोडायचं नाही, ‘आन्सर द मेल’. दोन्हींना मराठीत ‘उत्तर देणे’ म्हणत असल्यामुळे हा फरक मराठीतून कळत नाही.

राहिलं ‘डिफरंट दॅन’. इथे मात्र वरिष्ठांशी माझं भांडण आहे. ‘याच्यापेक्षा वेगळं’ हे मराठी वाक्य थेट ‘दॅन’कडे नेतं, हे खरं. पण मराठीत दुसरंही रूप आहे: ‘याहून वेगळं’. ‘हून’ हा पंचमीचा प्रत्यय, ‘घराहून निघालो’मधला, म्हणजे सरळ ‘फ्रॉम’. म्हणजे आपल्याकडे दोन्ही वाटा आहेत, आणि इंग्रजीतही दोन्ही आहेत. अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ सर्रास चालतं, ब्रिटनमध्ये ‘डिफरंट टू’ही चालतं. ‘डिफरंट’नंतर फक्त ‘फ्रॉम’च हवं, या समजुतीला हेन्री फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 मध्येच अंधश्रद्धा ठरवलं होतं. पुढे आख्खं वाक्य असेल, उदाहरणार्थ ‘डिफरंट दॅन इट वॉज लास्ट इयर’, तर ‘दॅन’च सुटसुटीत पडतं. फक्त औपचारिक मेलमध्ये दोन नावांची तुलना असेल, तर ‘फ्रॉम’ लिहा. त्यावर कुणीच बोट ठेवत नाही.

म्हणजे तीन लाल रेघांचा हिशेब असा लागतो. ‘डिस्कस अबाउट’ ही चूक आहे, पण अर्थ कुणाचा बिघडत नाही. ‘डिफरंट दॅन’ बहुतेक वेळा चूकच नाही. ‘रिप्लाय ऑन’ दिसायला सगळ्यात निरुपद्रवी, आणि माझे दोन दिवस गेले ते तिच्यामुळेच. मेल पाठवण्याआधी मी आता एवढंच करतो: क्रियापदाचं मराठी करून बघतो. मराठीत ‘काहीतरी करणे’ किंवा ‘देणे’ निघालं, की पुढच्या छोट्या शब्दावर थांबतो आणि शब्दकोशात उदाहरणाचं वाक्य बघतो. अर्थ नाही बघत, वाक्य बघतो. ‘रिप्लाय’सारखे शब्द या कसोटीत बसत नाहीत, त्यांना आधार लागतोच, म्हणून कोश उघडावाच लागतो.

तुमच्या ऑफिसातला असा एखादा छोटा शब्द असेल तर कळवा. पुढच्या भागात ‘रिव्हर्ट बॅक’ घेऊ. तोवर, भेटू.