रात्री ११:५२ : तापातल्या आकडीचा घटनाक्रम

ही रात्र कुठल्या एका घराची नाही. तापात आकडी आलेल्या मुलांचे आईवडील डॉक्टरांना जे सांगतात, त्यातून ती जुळवली आहे. मुलगी १६ महिन्यांची, वजन १० किलो, आजवर ठणठणीत.

दुपारी ४:००

झोपेतून उठली ती किरकिरतच. नाक थोडं वाहतंय. "दात येतायत गं," आजी म्हणते. अंगाला हात लावला तर गार आहे.

संध्याकाळी ६:३०

आता अंग कोमट लागतंय. थर्मामीटर १००.८ दाखवतो. आई पॅरासिटामॉल देते. हिशेब किलोमागे १५ मिलिग्रॅमचा, म्हणजे हिला १५०. घरातल्या बाटलीच्या ५ मिलीत २५० मिलिग्रॅम औषध आहे, म्हणून ३ मिली. हेच औषध १२५ च्या बाटलीतही मिळतं, त्यातलं ६ मिली लागलं असतं. लेबल न वाचता दिलं की इथेच गफलत होते.

या औषधाने मुलीला बरं वाटेल. आकडी मात्र त्याने टळेल असं नाही. ताप आल्या आल्या नेमाने पॅरासिटामॉल दिलं तरी पुढच्या आजारपणात आकड्या कमी होत नाहीत, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. हे आत्ताच सांगायला हवं, कारण मध्यरात्रीनंतर ही आई स्वतःला एकच प्रश्न विचारत बसणार आहे: मी औषध द्यायला उशीर केला का?

रात्री ९:००

मुलगी चार घास खिचडी खाते, खेळतेही. बाहेरून काही कळत नाही. आत शरीर विषाणूशी झुंजतंय आणि त्या झुंजीत इंटरल्युकिनसारखी रसायनं रक्तात उतरली आहेत. ताप तीच चढवतात आणि मेंदूच्या पेशींनाही चेतवतात. मोठ्यांच्या मेंदूत या चेतनेला आवर घालणारी यंत्रणा पक्की झालेली असते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ती अजून घडत असते, आणि म्हणूनच आकडी याच वयात येते, सर्वांत जास्त दीड वर्षाच्या आगेमागे. बाकीचा वाटा आनुवंशिकतेचा. बाबांना लहानपणी अशीच एक आकडी आली होती. हे फक्त आजीला आठवतं, आणि तेही उद्या, डॉक्टरांनी विचारल्यावर.

रात्री ११:४०

हातपाय गार, कपाळ तापलेलं, अंगाला कापरं. ही आकडी नव्हे, थंडी आहे. ओळखायचं कसं? मुलगी आईकडे बघते, हाक मारली की कुशीत शिरते, हात घट्ट धरला की त्याचं थरथरणं कमी होतं. ताप १०३ वर गेलाय. पण आकडी येण्यासाठी १०३ लागतोच असं नाही, १००.४ लाही येते. काही मुलांत तर आधी आकडी येते आणि ताप आहे हे नंतर कळतं.

रात्री ११:५२

डोळे वर फिरतात. अंग लाकडासारखं ताठ होतं, दातखिळी बसते. छातीचे स्नायूही आवळल्यामुळे श्वास काही क्षण अडतो आणि ओठ निळे पडतात. मग दोन्ही हात, दोन्ही पाय एका लयीत झटके देऊ लागतात. लाळ गिळली जात नाही म्हणून तोंडाला फेस. हाक मारून उपयोग नाही, मुलीला शुद्ध नाही. आईला वाटतं, आपलं मूल गेलं. असंच वाटतं जवळजवळ प्रत्येकीला.

११:५३

पुढची दोन मिनिटं सगळ्यांत धोक्याची, पण धोका आकडीचा नाही. आबा चमचा घेऊन धावतात, दातखिळी उघडायला. आजीने कांदा फोडलाय, नाकाशी धरायला. शेजारच्या काकू तोंडात पाणी घाला म्हणतात. यातलं काहीही करायचं नाही. जीभ घशात जात नाही, गिळलीही जात नाही. चमच्याने दात तुटतो, तुटलेला दात किंवा घातलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. कांद्याने किंवा चपलेच्या वासाने आकडी थांबत नाही. ती थांबायचीच होती, त्याच सुमारास कांदा पुढे आला, म्हणून श्रेय कांद्याला मिळत आलं. आणि झटके दाबून धरले तर हाड मोडू शकतं.

बाबा मुलीला पलंगावरून उचलून जमिनीवर सतरंजीवर ठेवतात आणि कुशीवर वळवतात, तोंड किंचित खाली, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर वाहून जाईल. गळ्याशी झबल्याचं बटण सोडतात. मग घड्याळ बघतात. आई मोबाइलवर थोडं चित्रण करते. उद्या डॉक्टरांना झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच, हे त्यातून कळेल.

११:५५

झटके विरळ होतात आणि थांबतात. एकूण साडेतीन मिनिटं. लांब श्वास, ओठ पुन्हा गुलाबी, मग गाढ झोप.

आकडी पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ती आपोआप थांबण्याची शक्यता घटत जाते. तेव्हा १०८ ला फोन, आणि डॉक्टरांनी आधी लिहून दिला असेल तर मिडाझोलामचा नाकातला फवारा, ठरवलेल्या मात्रेतच.

रात्री १२:४०, रुग्णालय

पहिली आकडी असेल तर दाखवायचंच. डॉक्टर आकडीपेक्षा तापाच्या मागे लागतात: कान, घसा, लघवी. मान ताठ आहे का, टाळू फुगली आहे का, अंगावर दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके आहेत का, तासाभरानंतरही मूल सुस्तच आहे का. यातलं काही असेल तर मेंदूज्वराची शंका येते आणि पाठीतलं पाणी तपासावं लागतं. एक वर्षाखालचं लसी राहिलेलं मूल किंवा आधीच अँटिबायोटिक चालू असलेलं मूल असेल तर तेही सावधपणे बघतात, कारण लक्षणं झाकली जातात. एवढी एक साधी आकडी येऊन गेलेल्या मुलाला सीटी स्कॅन लागत नाही, ईईजीही लागत नाही.

साधी म्हणजे काय? सर्वांगाला झटके, पंधरा मिनिटांच्या आत संपलेली, चोवीस तासांत पुन्हा न आलेली.

रात्री १:३०

मुलगी उठते, आईला ओळखते, पाणी मागते. डॉक्टरांच्या दृष्टीने आजच्या सगळ्या तपासण्यांत ही मोठी.

चौथा दिवस

ताप एकदम उतरतो आणि पोटापाठीवर गुलाबी पुरळ उठतं. रोझिओला. नागिणीच्याच घराण्यातला, पण वेगळा, सहाव्या क्रमांकाचा नागीण विषाणू तो घडवतो. या वयातल्या तापाच्या आकड्यांमागे तो बऱ्याचदा असतो. पुरळ निघेपर्यंत ते कळतच नाही.

पुढची वर्षं

पुन्हा येईल का? तीनांतल्या साधारण एका मुलाला येते. पहिली आकडी एक वर्षाच्या आत आली असेल, घरात कुणाला आलेली असेल किंवा कमी तापातच आली असेल तर शक्यता वाढते. अपस्माराची शक्यता सर्वसाधारण मुलांत शंभरांत एखादी. साध्या आकडीनंतर एक ते दोन. आकडी लांबलेली, एकाच बाजूची किंवा दिवसात पुन्हा आलेली असेल तर ती याहून जास्त, आणि अशा मुलांना मेंदूविकारतज्ज्ञांनी बघावं. अमेरिकेत करिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी हजारो मुलांचा जन्मापासून सात वर्षांपर्यंत पाठपुरावा करून १९७० च्या दशकात हे मांडलं. आकडी आलेली मुलं बुद्धीत आपल्या भावंडांच्या मागे नव्हती.

आपल्याकडे ताप आला की दोन-तीन दिवस क्लोबाझाम द्यायची पद्धत आहे. त्याने आकडी कमी होते, पण मूल पेंगतं, चालताना झोकांड्या खातं, आणि ते पेंगणं मेंदूज्वराचं की औषधाचं हे कळेनासं होतं. म्हणून एका साध्या आकडीसाठी ते सरसकट देऊ नये असं मला वाटतं. वारंवार येणाऱ्या किंवा लांबणाऱ्या आकडीत त्याचा विचार करावा.

आणि लसी? या मुलीचा डीपीटी बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस याच महिन्यात आहे. दोन्ही द्यायचे. डीपीटीचा ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो, गोवराच्या लसीचा साधारण आठवडाभराने. त्या दोन्ही वेळा कॅलेंडरवर खुणा करून ठेवायच्या, आणि कुशीवर कसं वळवायचं ते आजीआबांना आणि पाळणाघरातल्या ताईंना त्याआधी एकदा करून दाखवायचं.