थेट सुरुवात की लोगोवाला इंट्रो? चाचणी नीट कशी घ्यायची

यूट्यूबच्या A/B चाचणीत थंबनेल तपासता येतात, व्हिडिओच्या दोन आवृत्त्या नाही. अपलोड झाल्यावर फाइल बदलताही येत नाही, फार तर कापता येते. म्हणजे इंट्रोची चाचणी वेगवेगळ्या व्हिडिओंवरच घ्यावी लागते, आणि गडबड तिथेच होते. इंट्रो काढला त्याच आठवड्यात दिवाळीचा फराळ आला, तर आकडे कशामुळे वाढले हे कसं सांगणार?

समजा तुमचं रेसिपी चॅनेल आहे आणि इंट्रो 6 सेकंदांचा. पुढच्या 16 व्हिडिओंच्या आधीच 8 जोड्या लावा: साबुदाणा वड्याबरोबर उपवासाची कचोरी, मिसळीबरोबर पावभाजी. दोघांचा विषय, लांबी आणि अपलोडची वेळ शक्य तितकी सारखी ठेवा. जोडीतले दोन्ही व्हिडिओ एडिट होऊन तयार झाले की मग नाणं उडवा, छापा आला तर पहिल्याला इंट्रो, काटा आला तर दुसऱ्याला. नाणं आधी उडवलं तर आवडत्या बाजूच्या एडिटिंगवर नकळत जास्त मेहनत होते. (माझी झाली होती.) फरक फक्त त्या 6 सेकंदांचाच हवा. थेट सुरुवातीत तळणाचा झकास शॉट आणि इंट्रोनंतर मात्र ‘नमस्कार मंडळी’, असं केलंत तर दोन गोष्टी एकदम बदलल्या.

मोजायचं कुठे? पाचव्या सेकंदाला नको. बरेच जण इंट्रो ढकलून पुढे जातात, त्यामुळे आलेख तिथे खाली येऊन परत वर चढतो. मजकुरातली एकच जागा धरा. थेट सुरुवातीत कृतीची पहिली पायरी 30व्या सेकंदाला येत असेल, तर इंट्रोवाल्यात ती 36व्या सेकंदाला येईल. तिथे किती टक्के प्रेक्षक उरलेत ते बघा. वाट बघायला लावलेले 6 सेकंद ही इंट्रोचीच किंमत आहे, ती हिशोबात यायलाच हवी.

आकडे दोन्हीकडे अपलोडनंतरच्या पहिल्या 7 दिवसांचेच घ्या, आणि शक्य असेल तर एकाच ट्रॅफिक सोर्सचे. एखादा व्हिडिओ होमपेजवर जोरात चालला की अनोळखी लोक येतात आणि टिकण्याचं प्रमाण घसरतं. त्यात इंट्रोचा काही दोष नसतो.

आता निकाल. व्हिडिओला 20,000 व्ह्यूज असले तरी ते 20,000 पुरावे नव्हेत, एक जोडी म्हणजे एकच पुरावा. इंट्रोने काहीच फरक पडत नसेल, तरी 8 पैकी 6 किंवा जास्त जोड्या थेट सुरुवातीच्या बाजूने जाण्याची शक्यता 37/256, म्हणजे साधारण 14 टक्के असते. 7 किंवा जास्त जाण्याची 9/256, साडेतीन टक्के. म्हणून 7 ची अट आधीच लिहून ठेवा आणि 5 जोड्यांनंतर निकाल छान दिसतोय म्हणून थांबू नका.

एक गोष्ट यात मोजली जात नाही: लोगो बघून चॅनेल लक्षात राहिलं का. त्यासाठी काही महिन्यांनी परतणारे प्रेक्षक बघावे लागतील. पण तेव्हा एकाच माणसाने दोन्ही प्रकार पाहिलेले असतात, त्यामुळे ही जोड्यांची पद्धत तिथे चालत नाही.