आवृत्तीच्या रकान्याची कुळकथा

चोपड्यातल्या एखाद्या कचेरीत एका केळी उत्पादकाची नोंद दोन टेबलांवर एकाच वेळी उघडली आहे, असे समजा. पहिला कारकून मोबाइल नंबर बदलून जतन करतो. दुसऱ्याच्या पडद्यावर अजून जुनाच नंबर आहे. तो बँक खाते बदलतो आणि सगळा अर्ज जतन करतो. खाते नवे होते, नंबर मात्र पुन्हा जुना. संगणक दोघांनाही ‘जतन झाले’ म्हणतो, म्हणून हरवलेला बदल कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावरचा पहिला उपाय कुलपाचा होता. 1976 साली आयबीएममधील ईश्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर यांनी कुलपे कोणत्या शिस्तीने घ्यावीत आणि सोडावीत, याचे नियम मांडले. ते आजही खरे आहेत. पण ती कुलपे क्षणभराच्या कामाला शोभतात. माणूस अर्ज उघडून जेवायला गेला, तर नोंद तासभर अडून राहते. 1981 साली कुंग आणि रॉबिन्सन यांनी उलटी वाट सुचवली: टक्कर क्वचितच होते असे धरून न अडवता वाचू द्यावे, लिहिण्याआधी पडताळावे आणि टक्कर आढळल्यास काम पुन्हा करावे. या आशेमुळेच पद्धतीला ‘आशावादी’ म्हणतात. त्यांची पडताळणी व्यवहाराने वाचलेल्या सगळ्या गोष्टींची होती. आवृत्तीच्या रकान्यात ती एका नोंदीच्या एका आकड्यावर येते.

```
UPDATE shetkari
SET khate = :nave, version = version + 1
WHERE id = 412 AND version = 7;
```

दोघांनीही 7 वाचलेले असते. पहिल्याच्या जतनाने आकडा 8 होतो. दुसऱ्याच्या आज्ञेने शून्य ओळी बदलतात आणि तेवढ्यावरून टक्कर कळते. इथेही कुलूप लागतेच, पण लिहिण्याच्या क्षणापुरते. मात्र 7 हा आकडा अर्ज उघडतानाचाच हवा. जतन करताना तो नव्याने वाचला, तर अट जवळजवळ नेहमीच जुळते आणि रकाना असूनही बदल हरवत राहतात.

फक्त बदललेलेच रकाने लिहिले तर हे लचांड कशाला, असे कोणी म्हणेल. वरच्या उदाहरणात तेवढ्याने भागते. पण एकाने बँक आणि दुसऱ्याने शाखा बदलली, तर दोघांनाही नको असलेली जोडी तयार होते. वेळेचा शिक्का वापरावा, तर एकाच सेकंदातले दोन बदल सारखे दिसू शकतात. दुसऱ्याचे श्रम वाया जातात, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून नकार देताना त्याने भरलेले आणि आता साठवलेले, दोन्ही शेजारी दाखवावे. एकाच नोंदीवर सतत झुंबड असेल, तर आशेचा पायाच ढासळतो. तिथे जुने कुलूपच स्वस्त पडते.