अँगलमधली तिरपी भोके आणि मोकळा पाय

ट्रसचा खालचा मेंबर असो की ब्रेसिंगचा तिरका, ताणातला अँगल बहुधा एकाच पायाने गसेट प्लेटला बोल्ट केलेला असतो. त्याची ताकद काढताना दोन वजावटी कराव्या लागतात. भोकांमुळे पोलाद कमी होते, ही पहिली. दुसरी अशी, की जोडलेल्या पायातून शिरलेले बळ मोकळ्या पायात पुरते पोचत नाही. हाच शिअर लॅग. पाठ्यपुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, त्यामुळे त्यांचा एकमेकींशी संबंध नाही अशी समजूत होते. बोल्ट दोन ओळींत तिरपे मांडले की मात्र एकच अंतर दोन्हींवर परिणाम करते. ते अंतर म्हणजे एका ओळीतल्या बोल्टापासून शेजारच्या ओळीतल्या लगतच्या बोल्टापर्यंतची बळाच्या दिशेने मोजलेली सरक. तिला s म्हणू आणि दोन ओळींमधल्या आडव्या अंतराला, म्हणजे गेजला, g म्हणू.

उदाहरणासाठी १५०×७५×१० मिमीचा अँगल घेऊ. १५० मिमीचा पाय गसेटला जोडलेला आहे. पोलादाचे यील्ड प्रतिबल २५० आणि अंतिम प्रतिबल ४१० न्यूटन प्रति चौरस मिमी. २० मिमीचे, ८.८ प्रतीचे सहा बोल्ट आहेत आणि भोके २२ मिमीची, ड्रिल केलेली. पहिली ओळ अँगलच्या टाचेपासून ५५ मिमीवर, दुसरी तिथून ६० मिमीवर आणि पुढे पायाच्या कडेपर्यंत ३५ मिमी. दोन्ही ओळींत तीन-तीन बोल्ट एकाआड एक येतात आणि s आहे ४० मिमी. कोपऱ्यांची गोलाई सोडली तर अँगलचे पूर्ण क्षेत्रफळ २१५० चौरस मिमी भरते.

तडा कोणत्या वाटेने जाईल, हा पहिला प्रश्न. सरळ आडवा गेला तर त्याला एकच भोक लागते. तिरपा गेला तर दोन भोके लागतात, पण वाट लांबते. या लांबण्याचे किती माप पदरात धरायचे, याचा नियम व्ही. एच. कॉक्रेन यांनी १९२२ मध्ये मांडला, तेव्हा जोड रिव्हेटचे असत. दोन्ही भोके वजा करायची आणि प्रत्येक तिरप्या टप्प्यासाठी रुंदीत s²/4g मिळवायचे, असा तो नियम. आयएस ८००:२००७ मध्येही तोच आहे. आपल्या अँगलमध्ये ही भर १६०० भागिले २४०, म्हणजे ६.६७ मिमी येते.

हे सूत्र भूमितीतून सरळ निघत नाही. ६० मिमी गेज आणि ४० मिमी सरक असलेला तिरपा टप्पा ७२.१ मिमी लांब असतो. म्हणजे आडव्या अंतरापेक्षा १२.१ मिमी जास्त. नियम मात्र त्यातले निम्म्याच्या आसपास देतो. कारण तिरप्या छेदावर निव्वळ ताण नसतो, त्याबरोबर कर्तनही असते, आणि दोन्ही एकत्र आले की पोलाद लवकर हार मानते. नेमका हिशेब बराच गुंतागुंतीचा होतो. कॉक्रेनच्या सूत्राने तो टाळला आणि प्रयोगांशीही पुरेसा जुळता राहिला, म्हणून शंभर वर्षांनंतरही ते वापरात आहे.

आयएस ८०० जोडलेल्या पायाची रुंदी जाडीचा निम्मा भाग वगळून मोजते, म्हणून इथे ती १४५ मिमी होते. सरळ वाटेवर १४५ वजा २२, म्हणजे १२३ मिमी उरतात. तिरप्या वाटेवर १४५ वजा ४४ अधिक ६.६७, म्हणजे १०७.६७ मिमी. तिरपी वाट कमी भरते, तेव्हा तीच निर्णायक. जोडलेल्या पायाचे निव्वळ क्षेत्रफळ १०७७ चौरस मिमी धरू.

सरक वाढवत नेली तर दुसऱ्या भोकाचा तोटा पूर्ण भरून निघतो का? इथे s²/4g ची किंमत २२ मिमी होण्यासाठी s सुमारे ७३ मिमी लागेल. त्यापुढे तडा सरळच जाईल आणि आणखी सरकवून क्षेत्रफळ वाढणार नाही. याच आकड्यावरून एक नेहमीची चूकही पकडता येते. ड्रॉइंगवर एकाच ओळीतला पिच, म्हणजे ८० मिमी, ठळकपणे लिहिलेला असतो आणि घाईत तोच s म्हणून सूत्रात जातो. मग भर २६.७ मिमी येते आणि दोन भोकांची वाट एका भोकाच्या वाटेपेक्षा जास्त रुंद निघते. तिरप्या टप्प्याची भर भोकाच्या व्यासाहून जास्त दिसली, की आधी s पुन्हा मोजावा.

भोके दोन्ही पायांत असतील तर अँगल टाचेपाशी उलगडून सपाट पट्टी मानायची. दोन्ही पायांतली टाचेपासूनची अंतरे मिळवून त्यातून एकदा जाडी वजा केली, की त्या टप्प्याचा गेज मिळतो. आणि भोके पंच केलेली असतील तर वजावटीत व्यास २ मिमीने वाढवून धरायचा, कारण पंचिंगमुळे भोकाभोवतीचे पोलाद दुखावते.

आता मोकळा पाय. त्याच्यात भोक नाही, पण गसेटशी त्याचा थेट संबंधही नाही. बोल्टांनी आणलेले बळ आधी जोडलेल्या पायात असते आणि टाचेपाशी कर्तनाच्या रूपाने मोकळ्या पायात उतरते. या उतरण्याला लांबी लागते. जोड आखूड असेल तर शेवटच्या बोल्टाच्या छेदावर मोकळ्या पायाची दूरची कड अजून पुरेशी ताणलेली नसते आणि जोडलेला पाय मात्र तुटायला आलेला असतो.

अमेरिकन पद्धतीत हे एकाच गुणकात बसवले आहे. चेसन आणि मन्स यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामावरून तो आला: U = 1 − x̄/L. इथे x̄ म्हणजे जोडाच्या पृष्ठभागापासून अँगलच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर आणि L म्हणजे पहिल्या बोल्टापासून शेवटच्या बोल्टापर्यंतची लांबी. आपल्या अँगलमध्ये x̄ १६.३ मिमी आणि L पाच सरकांची, म्हणजे २०० मिमी; त्यामुळे U ०.९२ येतो. हाच अँगल ७५ मिमीच्या पायाने जोडला असता तर x̄ सुमारे ५४ मिमी झाला असता आणि त्याच लांबीला U ०.७३ वर आला असता. लांब पाय जोडावा, हा ड्रॉइंग ऑफिसातला जुना दंडक यातूनच आला आहे.

आयएस ८००:२००७ दोन्ही पायांचा वेगळा हिशेब मांडते. मला ही मांडणी अधिक बोलकी वाटते, कारण कोणता पाय किती काम करतो ते तीत दिसते:

Tdn = 0.9 Anc fu/γm1 + β Ago fy/γm0

β = 1.4 − 0.076 (w/t)(fy/fu)(bs/Lc)

पहिले पद जोडलेल्या पायाचे. त्यात अंतिम प्रतिबल वापरले आहे, कारण तो तुटणार आहे. दुसरे पद मोकळ्या पायाचे. त्यात यील्ड प्रतिबल आहे आणि त्याला β ने गुणले आहे. β एकाहून जास्त आला तर त्या क्षणी मोकळा पाय यील्डच्या पुढे गेलेला असतो, पण अंतिम ताकदीपर्यंत पोचलेला नसतो. आपल्याकडे w ७५, t १०, आणि bs म्हणजे ७५ अधिक ५५ वजा १०, अर्थात १२० मिमी. Lc २०० मिमी धरून β १.१९ येतो, संहितेच्या ०.७ या खालच्या मर्यादेपेक्षा तो बराच वर आहे आणि वरच्या मर्यादेच्या आत आहे. मोकळ्या पायाचे क्षेत्रफळ ७०० चौरस मिमी. पहिल्या पदातून ३१७.८ आणि दुसऱ्यातून १८९.६ किलोन्यूटन मिळतात, एकूण ५०७.४. पूर्ण छेदाचे यील्ड ४८८.६ किलोन्यूटनला येते. म्हणजे मेंबर तुटण्याआधी लांबेल, आणि तसेच व्हायला हवे.

हेच सहा बोल्ट न सरकवता, ८० मिमी पिचवर तीन जोड्यांत मांडले तर काय होते ते पाहा. s शून्य झाला, म्हणून जोडलेल्या पायात १०१० चौरस मिमीच उरतात आणि पहिले पद २९८.२ वर येते. पण जोडाची लांबीही २०० वरून १६० मिमी झाली, त्यामुळे β १.१४ वर उतरतो आणि दुसरे पद १८१.२ होते. बेरीज ४७९.४, म्हणजे यील्डच्या खाली. आता अँगल लांबण्याऐवजी भोकांपाशी तुटेल. बोल्ट तेवढेच आणि एका ओळीतला पिचही तोच. फरक फक्त एक ओळ अर्ध्या पिचने सरकवण्याचा. त्यातून मिळालेल्या २८ किलोन्यूटनपैकी सुमारे २० निव्वळ क्षेत्रफळाचे आहेत आणि उरलेले शिअर लॅग कमी झाल्याचे. फक्त s²/4g कडे पाहणारा हा दुसरा हिस्सा हिशेबात धरतच नाही.

सहाही बोल्ट एकाच ओळीत ५० मिमी पिचवर लावले तर तुटण्याची ताकद आणखी वाढते, कारण एकच भोक वजा होते आणि जोड २५० मिमी लांब होतो. पण यील्ड ४८८.६ वरच राहते, म्हणून ती वाढ हाती लागत नाही आणि गसेट मात्र लांबते. मला तरी इथे दोन ओळींची मांडणीच योग्य वाटते.

एक तपासणी राहिली, आणि तिरप्या मांडणीत तिचा विसर पडणे सोपे असते: ब्लॉक शिअर. टाचेकडच्या ओळीच्या बाजूने कर्तन आणि तिथून कडेपर्यंत ताण, अशा वाटेने जोडलेल्या पायाचा तुकडाच गसेटबरोबर निघून येऊ शकतो. अँगलच्या टोकापासून पहिला बोल्ट ४० मिमीवर आहे असे धरू. टोकापासून सर्वांत आतला बोल्ट कडेकडच्या ओळीत असेल, तर टाचेकडच्या ओळीतला शेवटचा बोल्ट एक सरक अलीकडे येतो आणि कर्तनाची लांबी २०० मिमीच राहते. संहितेच्या दोन सूत्रांपैकी कमी येणारे ४६३ किलोन्यूटन देते. यील्डच्या आधीच तुकडा निघेल.

आता दोन ओळींची अदलाबदल करा. सर्वांत आतला बोल्ट टाचेकडच्या ओळीत आणा, म्हणजे टोकाजवळचा पहिला बोल्ट कडेकडे जाईल. कर्तनाची लांबी २४० मिमी होते आणि ब्लॉक शिअरची ताकद ५१७.६ किलोन्यूटनवर जाते. निव्वळ क्षेत्रफळ तेच, β तोच, बोल्टही तेवढेच. आधीचे दोन्ही हिशेब या फरकाची चाहूलही देत नाहीत. सहा बोल्टांची कर्तन ताकद प्रत्येकी ९०.५ धरून ५४३ किलोन्यूटन आहे, तेव्हा आता अँगलची ताकद यील्डच ठरवते. म्हणून ड्रॉइंगवर पिच, गेज आणि सरक यांच्या जोडीने टोकाजवळचा पहिला बोल्ट कोणत्या ओळीत आहे हेही नमूद केलेले असावे. ते लिहिले नाही तर कारखान्यात मार्किंग करणारा सोयीने एक बाजू निवडतो, आणि उजवा-डावा अँगल उलटा होताना ही निवड बदलून जाते.