इंजिन बंद ठेवून कारच्या बॅटरीवर लॅपटॉप किती वेळ चालवता येतो?

पावसात वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपत आली आणि मीटिंग अजून तासभर चालणार आहे. अशा वेळी अनेक जण अंगणातल्या गाडीत जाऊन बसतात. डॅशबोर्डच्या सॉकेटमध्ये छोटा इन्व्हर्टर लावला की त्यातून घरच्यासारखी २३० व्होल्टची वीज मिळते आणि लॅपटॉप चार्ज होऊ लागतो. पेट्रोल जाळायला नको म्हणून इंजिन बंदच ठेवलं जातं.

लॅपटॉप व्यवस्थित चालतो. प्रश्न नंतर येतो. काम आटोपून सेल मारला की नुसतं 'टक टक टक' ऐकू येतं आणि गाडी जागची हलत नाही.

कागदावर सहा तास, प्रत्यक्षात दोन

एक साधं उदाहरण घेऊ. छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये बऱ्याचदा १२ व्होल्ट, ३५ एएचची बॅटरी असते. एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते याचं माप. १२ ला ३५ ने गुणलं की ४२० वॉट-तास होतात.

लॅपटॉपचा अडॅप्टर ६५ वॉटचा आहे. लॅपटॉपची बॅटरी रिकामी असेल आणि त्यावर कामही सुरू असेल, तर तो साधारण ६० वॉट खेचतो. इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करताना काही वीज उष्णतेत घालवतो, म्हणूनच तो हाताला गरम लागतो. ही गळती १५ टक्के धरली, तर गाडीच्या बॅटरीतून सुमारे ७० वॉट, म्हणजे जवळपास ६ अँपिअर जातात.

४२० भागिले ७० म्हणजे सहा तास. इथेच फसगत होते, कारण हे सहा तास बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंतचे आहेत आणि गाडी सुरू करण्याची ताकद त्याच्या बरीच आधी संपते.

कारच्या बॅटरीचं मुख्य काम स्टार्टर मोटर फिरवणं हे आहे. सेल मारताना एक-दोन सेकंदांसाठी शंभराहून जास्त अँपिअर लागतात. एकूण वीज फारशी खर्च होत नाही, पण ती एका झटक्यात द्यावी लागते. त्यासाठी या बॅटरीत शिशाच्या पातळ प्लेट्स दाटीवाटीने बसवलेल्या असतात. झटका द्यायला त्या उत्तम असतात, तासन् तास थोडी थोडी वीज पुरवायला मात्र नाहीत. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी जाड प्लेट्सची आणि म्हणूनच जड असते. ती रोज बरीच रिकामी होऊनही टिकते. कारची बॅटरी चार-सहा वेळा पूर्ण उतरली, तर प्लेट्सवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते.

म्हणून बॅटरीतली एक तृतीयांश वीज वापरून थांबणं हा सुरक्षित हिशोब. ३५ एएचचा तिसरा भाग म्हणजे सुमारे १२ एएच. ६ अँपिअरने तो दोन तासांत संपतो. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल, तर लेबलवर ३५ लिहिलेलं असूनही आत २५ चीच ताकद उरलेली असू शकते. मग हाच वेळ सव्वा तासावर येतो.

इन्व्हर्टर 'बीप' करेल की!

करेल, पण फार उशिरा. बहुतेक छोटे इन्व्हर्टर व्होल्टेज साडेदहा-अकराच्या आसपास आलं की बीप करतात आणि त्याहून खाली गेलं की बंद होतात. एवढ्या हलक्या लोडवर साडेदहा व्होल्टला आलेली बॅटरी जवळपास पूर्ण रिकामी झालेली असते. हा इशारा इन्व्हर्टरच्या आणि बॅटरीच्या बचावासाठी असतो. तुम्हाला घरी जायचंय, हे त्याला ठाऊक नसतं.

यावर स्वस्त उपाय म्हणजे सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर. गाडी काही तास उभी असताना पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि अर्धी उरलेली १२.२. लॅपटॉप सुरू असताना आकडा थोडा कमीच दिसतो, त्यामुळे १२.२ दिसले की प्लग काढायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. सकाळी पहिला सेल मारताना इंजिन आळसावल्यासारखं फिरत असेल, तर त्या बॅटरीवर हा प्रयोगच नको.

सॉकेटचीही मर्यादा असते. त्याचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो. १५० वॉटपर्यंतच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप आरामात चालतो, पण त्याच इन्व्हर्टरवर मिक्सर किंवा इलेक्ट्रिक किटली लावली, तर इन्व्हर्टर बंद पडेल नाहीतर फ्यूज उडेल. बऱ्याच गाड्यांत सॉकेट चालू राहण्यासाठी चावी 'एसीसी'वर ठेवावी लागते. मग म्युझिक सिस्टीमही जागी राहते आणि गुपचूप वीज खाते. ती बंद करा.

वेळ वाढवायचा कसा?

सर्वांत मोठा फरक लॅपटॉप किती भरलेला आहे यामुळे पडतो. बॅटरी फुल असलेल्या लॅपटॉपला टायपिंग-ब्राउझिंगसाठी २० वॉटच्या आसपास पुरतात. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरूनही गाडीतून अडीच अँपिअरच जातात आणि तेच १२ एएच जवळपास पाच तास पुरतात. म्हणून प्रवासात, इंजिन सुरू असतानाच लॅपटॉप भरून घ्यावा. तेव्हा वीज आल्टरनेटर देतो, बॅटरीवर भार पडत नाही. थांबल्यावर आधी लॅपटॉपची स्वतःची बॅटरी वापरावी आणि इन्व्हर्टर शेवटी काढावा.

लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल, तर इन्व्हर्टरची गरजच नाही. ६५ वॉटचा कार चार्जर १२ व्होल्टवरून थेट लॅपटॉपला हवं ते व्होल्टेज देतो. आधी २३० व्होल्ट करायचे आणि अडॅप्टरने ते पुन्हा २० वर आणायचे, हा द्राविडी प्राणायाम वाचतो.

मध्येच दहा मिनिटं इंजिन सुरू केलं तर? वापरलेले १२ एएच तेवढ्यात भरून येत नाहीत, त्यासाठी तासभर तरी नीट गाडी चालवावी लागते. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन सुरू ठेवून तर कधीच बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. इन्व्हर्टरमधून येणारे २३० व्होल्टही घरच्यासारखाच शॉक देतात, त्यामुळे पावसात ओल्या हाताने प्लग लावू नका. इन्व्हर्टर सीटच्या गादीत किंवा बॅगेखाली दबलेलाही नको, त्याला हवा लागते.

गाडी सुरूच झाली नाही तर?

'टक टक' आलं की पुन्हा पुन्हा सेल मारू नका, उरलेली वीजही जाते. इन्व्हर्टर, दिवे, पंखा सगळं बंद करा. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबलने सुरू करणं हा नेहमीचा मार्ग. मॅन्युअल गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारूनही सुरू होऊ शकते, पण बॅटरीत इंधन पंप आणि इंजिनचा कॉम्प्युटर चालण्याइतका जीव उरला असेल तरच. ऑटोमॅटिक गाडीत हा मार्ग नाही, तिथे जंपर केबलच लागते.