पाव गुणाचा इतिहास आणि कोरे सोडलेले प्रश्न

स्पर्धा परीक्षांच्या निकालानंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "निगेटिव्हने मारलं." मी अभ्यासिकेतल्या मुलांबरोबर सराव पेपर तपासायला बसतो, तिथं मात्र वेगळंच दिसतं. बऱ्याच जणांना चुकलेल्या उत्तरांपेक्षा कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांनी मारलेलं असतं. म्हणून ही पोस्ट.

आधी थोडा इतिहास. बहुपर्यायी प्रश्न अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी आले. पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्याने लाखो जवानांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली. तेव्हा अडचण लक्षात आली. प्रश्नाला दोनच पर्याय असतील तर काहीच न येणारा माणूसही निम्मी उत्तरं बरोबर देतो. म्हणून चाचणीच्या काही भागांत बरोबर उत्तरांतून चुकीची उत्तरं वजा करू लागले. पन्नास बरोबर, पन्नास चूक, म्हणजे हातात शून्य.

यातूनच पुढचा नियम निघाला. जितके पर्याय, त्यातून एक वजा करा आणि एका गुणाला त्याने भागा. दोन पर्याय असतील तर चुकीला पूर्ण गुण कापायचा, चार असतील तर एक तृतीयांश, पाच असतील तर पाव. यात शिक्षेचा हेतू नव्हताच. आंधळ्या अंदाजातून सरासरी फायदाही होऊ नये आणि तोटाही होऊ नये, एवढंच बघायचं होतं. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेत कित्येक दशकं पाच पर्याय आणि पाव गुण असंच चाललं. २०१६ साली त्यांनी पर्याय चार केले आणि गुण कापणं बंदच केलं.

आता आपल्याकडे या. यूपीएससीने पूर्वपरीक्षेत २००७ पासून निगेटिव्ह मार्किंग आणलं. चार पर्याय, एक तृतीयांश कपात, म्हणजे हिशेब बरोबर जुळतो. एमपीएससीने २०२१ मध्ये कपात एक तृतीयांशावरून पाव केली, पण पर्याय चारच राहिले. म्हणजे पाच पर्यायांचं माप चार पर्यायांना लावलं गेलं. नीटमध्येही तेच आहे. बरोबरला ४, चुकीला वजा १ आणि पर्याय चार.

याचा अर्थ काय, ते बघू. समजा, १०० प्रश्नांचा २०० गुणांचा पेपर आहे. ७० प्रश्न सोडवले, ३० अजिबात येत नाहीत. ते तीसही डोळे झाकून भरले तर सरासरी साडेसात बरोबर येतील, म्हणजे १५ गुण. यूपीएससीच्या नियमाने साडेबावीस चुकांचे १५ गुण जातात, शिल्लक शून्य. एमपीएससीच्या नियमाने सव्वाअकराच जातात, म्हणजे पावणेचार गुण हातात राहतात. जिथं कटऑफला अर्ध्या गुणावरून नाव राहतं, तिथं हे थोडे नाहीत.

पण ही सरासरी झाली, हमी नव्हे. त्याच तीसांतले चारच लागले तर एमपीएससीतही ५ गुण जातात. बारा लागले तर १५ मिळतात.

खरा फायदा एखादा पर्याय खात्रीने उडवता येतो तिथं आहे. तीनच उरले तर यूपीएससीतही प्रत्येक प्रश्नामागे सरासरी साधारण पाव गुण पदरात पडतो. दोनच उरले तर जवळपास पाऊण. अशा वेळी प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातचा गुण टाकून देणं.

एक धोका मात्र आहे. पेपर काढणारा चुकीचे पर्यायही विचार करून ठेवतो. अर्धवट माहिती असलेला माणूस नेमका तिथंच अडकतो आणि त्याचा अंदाज आंधळ्यापेक्षाही वाईट ठरतो. आपलं असं होतंय का, हे कळायला सोपा उपाय आहे. सराव पेपरमध्ये अंदाजाच्या प्रश्नांभोवती गोल करा आणि नंतर फक्त तेवढेच तपासा. यूपीएससीसाठी चारात एकापेक्षा जास्त बरोबर येत असतील तर अंदाज करा. एमपीएससीसाठी पाचात एकापेक्षा जास्त पुरे. त्याहून कमी येत असतील तर त्या विषयात हात आवरा.

मला खरी टोचणारी गोष्ट वेगळी आहे. सॅटच्या धर्तीवरच्या प्रश्नांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात असं दिसलं की तेवढंच ज्ञान असूनही मुली मुलांपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडतात. चिली देशाने प्रवेश परीक्षेतली कपात काढून टाकली, तेव्हा ही तफावत बरीच कमी झाली. म्हणजे ही कपात ज्ञानाबरोबर धीटपणाही मोजते. क्लासवाला शहरी मुलगा हा हिशेब पाठ करून येतो. गावातली मुलगी मात्र "चुकलं तर?" म्हणून प्रश्न सोडून देते.

आपल्या घरात, गल्लीत कुणी तयारी करत असेल तर हा हिशेब त्यांच्यासोबत एकदा कागदावर मांडून बघा. आणि परीक्षेला जाण्याआधी त्या वर्षीच्या जाहिरातीतली कपात वाचायला सांगा. प्रत्येक परीक्षेचा नियम वेगळा असतो.